कमी पैशात स्वयंपाकघराचे आणि सर्व्हिसचे गणवेश: किती घ्यायचे, कोणत्या मापाचे आणि कसे फिरवायचे

गणवेशाची ऑर्डर देताना बहुतेक मालक-मॅनेजर माणसं मोजतात, प्रत्येकी दोन जोड धरतात आणि आकडा कळवून टाकतात. दोन-तीन महिन्यांत निम्मे लोक कालचा कोट झटकून पुन्हा घालायला लागतात. कोणी घरचा टी-शर्ट घालून येतं, आणि कपाटात मात्र कोणालाच न बसणारे चार कोट घडी करून पडलेले असतात. पैसे कमी पडले म्हणून हे झालेलं नसतं. किती कपडे लागतील हे माणसांच्या संख्येपेक्षा कपडे किती दिवसांनी धुऊन परत येतात यावर जास्त अवलंबून असतं, आणि तो हिशोबच झालेला नसतो. या लेखात एक लहान उपाहारगृह धरून तो हिशोब पूर्ण करू: स्वयंपाकघरात सहा माणसं, बाहेर सर्व्हिसला पाच, प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी.

आधी धुण्याचा फेरा ठरवा

दुकानदाराला फोन करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. आज घातलेला कोट धुऊन, वाळून पुन्हा अंगावर चढवता येईपर्यंत जास्तीत जास्त किती कामाचे दिवस जातात? आजचा दिवसही त्यात मोजा. जो आकडा येईल तितके जोड प्रत्येकाला लागतात.

कपडे बाहेरच्या लॉन्ड्रीत जातात असं समजा. लॉन्ड्रीवाला सोमवारी आणि गुरुवारी सकाळी कपडे उचलतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून देतो. ऐकायला आठवड्यातून दोनदा ठीक वाटतं. पण गुरुवारी घातलेला कोट सोमवारी सकाळी जातो आणि मंगळवारी संध्याकाळी येतो, म्हणजे घालायला थेट बुधवारी मिळतो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार असे सहा दिवस झाले. माणसाची सुट्टी त्यातच आली तर पाच जोड पुरतील, नाही आली तर सहा. लहान जागेला हे परवडत नाही.

आता तेच कपडे जागेवरच, एक दिवसाआड रात्री धुतले तर? सोमवारचा आणि मंगळवारचा कोट मंगळवारी रात्री मशीनमध्ये जातो, बुधवारी दिवसभर वाळतो आणि गुरुवारी घालायला तयार असतो. मध्ये फक्त बुधवारचा एक कोट लागतो. म्हणजे तीन जोडांत काम भागतं. रोज रात्री धुतले आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वाळायची खात्री असली तर दोनही पुरतात. पण मग प्रत्येक कोट आठवड्यात दोनाऐवजी तीनदा धुतला जातो आणि तितका लवकर विरतो. शिवाय दमट हवेत एक दिवस कपडे वाळले नाहीत की सगळं कोलमडतं. सर्वांत स्वस्त म्हणून दोन जोड निवडणाऱ्यांना मी तरी तीनाचाच आग्रह धरेन.

जागेवर धुण्याआधी मशीनला झेपेल का ते पाहा. पॉली-कॉटनचा लांब बाह्यांचा कोट साधारण ४०० ग्रॅम भरतो, छातीपासून गुडघ्यापर्यंतचा एप्रन २०० ग्रॅमच्या आसपास. आपल्या उदाहरणात रोज स्वयंपाकघरात साधारण पाच माणसं कामावर असतात. दोन दिवसांचे दहा कोट म्हणजे चार किलो, आणि दोन दिवसांचे वीस एप्रन म्हणजे आणखी चार किलो. सात किलोच्या मशीनमध्ये याचे दोन वेगवेगळे घाणे होतात, आणि ते वेगळेच हवेत. एप्रनचं तेल कोटांवर उतरलं की पांढरा कोट कायमचा मळकट दिसतो. सर्व्हिसच्या कपड्यांचा तिसरा घाणा. एक दिवसाआड रात्री तीन घाणे काढणं जमणार असेल आणि ते काम कोणाचं हे ठरलेलं असेल, तरच हा मार्ग धरा. नाही तर लॉन्ड्रीवाल्याला आठवड्यातून तिसऱ्यांदा बोलावलं तर काय पडेल ते विचारा. तो खर्च जादा कोट घेण्यापेक्षा कमी निघतो का ते पाहा.

कोट कमी, एप्रन भरपूर

दिवसभराची घाण सर्वांत आधी पोटावर आणि मांड्यांवर येते. ती एप्रनने अडवायची. एप्रन स्वस्त असतो, लवकर धुतो, लवकर वाळतो आणि सगळ्यांना एकाच मापाचा चालतो. कोट महाग, जड आणि ज्याचा त्याच्या मापाचा. तेव्हा पैसे कमी असतील तर कात्री कोटांवर लावा, एप्रनवर लावू नका. स्वयंपाकघरात प्रत्येक माणसाला दिवसाला दोन एप्रन धरा, एक दुपारच्या कामाला आणि एक संध्याकाळच्या. कच्चं मांस-मासे हाताळणाऱ्याला ते काम संपताच एप्रन बदलावाच लागतो. त्या कामासाठी वेगळ्या रंगाचे चार-सहा एप्रन ठेवले की चुकून तोच घालून कोणी तयार पदार्थाकडे वळलं तर लांबूनही लक्षात येतं.

कोट सगळ्यांनाच लागतो का, हेही विचारून पाहा. शेफ कोटाची लांब बाही आणि छातीवरचा दुहेरी पल्ला वाफ, उडणारं तेल आणि गरम भांड्याची कड यांपासून वाचवण्यासाठी असतो. दुहेरी पल्ला डागाळला की उलटा लावून स्वच्छ बाजू वर आणता येते, हा त्याचा दुसरा फायदा. चुलीपुढे उभं राहणाऱ्याला हे सगळं हवंच. भाजी चिरणाऱ्याला किंवा भांडी घासणाऱ्याला त्याची तेवढी गरज नाही. भांडी घासणाऱ्याला तर लांब बाही ओली होऊन त्रासच होतो. त्याला जाड सुती टी-शर्ट आणि वरून पाणी न झिरपणारा एप्रन द्या. तो एप्रन फडक्याने पुसून टांगायचा असतो, धुण्याच्या फेऱ्यात येतच नाही, म्हणून दोन नग पुरतात. मात्र मदतनीसही अधूनमधून तळणीपुढे उभा राहत असेल तर त्याच्यासाठी मापाचा कोट हाताशी हवा.

कापड

इथे फार खोलात जायची गरज नाही, पण एक गोष्ट जपा. पॉलिएस्टर आगीजवळ वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. सुती कापडही पेट घेतं, पण असं वितळून चिकटत नाही. म्हणून उघड्या ज्वाळेपुढे काम करणाऱ्यांसाठी पूर्ण सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड घ्या. पॉली-कॉटन कमी आटतं, लवकर वाळतं, इस्त्री कमी मागतं आणि जास्त धुण्या सोसतं. तेव्हा सर्व्हिसचे शर्ट आणि ज्वाळेपासून दूर असणाऱ्यांचे कपडे त्याचे चालतील. बाजारात ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत हे मिश्रण सर्रास मिळतं. लेबल वाचल्याशिवाय ‘कॉटनसारखंच आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

विणीत ट्विल मागा, म्हणजे तिरप्या रेघांची वीण. ती साध्या विणीपेक्षा टिकाऊ असते आणि तिच्यावर डाग कमी उठून दिसतात. बटणं टिच असली तर अंगावर गरम काही सांडल्यावर कोट एका झटक्यात उघडता येतो. शिवलेली प्लास्टिकची बटणं धुण्यात आणि इस्त्रीत तुटतात. ती शिवत बसण्यात जो वेळ जातो तो कोणी हिशोबात धरत नाही.

माप घेताना

‘तुझा साइज काय?’ असं कोणालाही विचारू नका. एका कंपनीचा मोठा साइज दुसऱ्या कंपनीचा मध्यम असतो. शिवाय लोक आपला साइज चारचौघांत एक पायरी कमीच सांगतात. टेप घ्या, एकेकाला बाजूला बोलवा आणि सेंटिमीटरमध्ये लिहा. स्त्रियांची मापं स्त्रीनेच घ्यावीत. कागदावरची मापं इतरांना दिसणार नाहीत याची काळजी घ्या.

कोटासाठी चार मापं पुरतात. पहिलं छातीचं. टेप काखेखालून, पाठीवर आडवा सरळ, हात खाली सोडलेले, श्वास नेहमीसारखा. दुसरं पोटाचं किंवा नितंबाचं, यांत जे जास्त भरेल ते. हे माप विसरल्यामुळे बाजारातले सगळ्यांसाठी म्हणून शिवलेले सरळ कोट अनेक स्त्रियांना छातीत बसतात आणि नितंबावर अडकतात. कोटाला बाजूंना चीर असेल तर हा त्रास बराच कमी होतो. तिसरं माप एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, पाठीवरून. चौथं बाहीचं, आणि ते कोपर किंचित वाकवून घ्यायचं. सरळ हाताने घेतलेली बाही काम करताना मनगटावरून वर सरकते, आणि भाजायची तीच जागा उघडी पडते. पँटला कंबर आणि आतल्या शिवणीची लांबी. नेफ्यात इलॅस्टिक किंवा नाडी असेल तर कंबरेच्या मापात थोडं इकडेतिकडे चालतं.

आता विक्रेत्याचा तक्ता मागवा आणि त्यात दिलेला आकडा अंगाचा आहे की कपड्याचा हे स्पष्ट विचारा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. कोट कपड्याच्या मापाने अंगापेक्षा छातीत १० ते १५ सेंटिमीटर सैल हवा. त्याहून घट्ट असेल तर हात वर केला की पोट उघडं पडतं. फार ढगळ असेल तर बाही आणि पल्ला ज्वाळेकडे जातात, भांड्यात बुडतात.

समजा एका स्वयंपाक्याची छाती १०० सेंटिमीटर भरली. त्याला कपडा ११० ते ११५ चा हवा. विक्रेत्याच्या तक्त्यात कपड्याची मापं १०८, ११४ आणि १२० अशी आहेत. डोळ्यांसमोर ११४ येतो. पण कापड आटणार आहे. किती आटेल हे सांगणाऱ्यावर सोडू नका, एक नमुना कोट मागवून स्वतः पाहा. धुण्याआधी पाठीवर न पुसणाऱ्या पेनाने उभी आणि आडवी ५० सेंटिमीटरची रेघ मारा. नंतर रोज धुणार त्याच तापमानाला, त्याच पद्धतीने वाळवून तीन वेळा धुवा आणि पुन्हा मोजा. आडवी रेघ ४८.५ झाली तर कापड ३ टक्के आटलं. मग ११४ चा कोट ११०.५ च्या आसपास येऊन थांबेल. म्हणजे बसेल, पण जेमतेम. उभी रेघ ४७.५ झाली असेल तर लांबीत ५ टक्के गेले, आणि ६२ सेंटिमीटरची बाही ५९ च्या खाली आली. हा स्वयंपाकी लांब हातांचा असेल तर त्याला १२० चाच घ्या आणि जास्तीची बाही दुमडून टाका. विणलेलं कापड बहुधा रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, म्हणून दोन्ही रेघा मारायच्या.

कोणी दोन मापांच्या मध्ये पडलं तर कोट मोठा घ्यावा. मोठा लहान करून घेता येतो, लहानाला वाढवायला शिवणीत कापडच नसतं.

नमुना आला की तो घालणाऱ्याला तीन गोष्टी करायला सांगा: वरच्या फळीवरचं भांडं काढ, खाली वाकून ओव्हन उघड, दोन्ही हात छातीसमोर आवळ. पाठीत ओढ बसली किंवा कोट कंबरेच्या वर आला तर माप चुकलं. आरशासमोर उभं राहून हे कळत नाही. नमुन्याचे पैसे वाया जात नाहीत, तो कोट पुढे राखीव साठ्यात ठेवा.

एप्रनमध्ये मापाचा प्रश्न फक्त बंदांचा असतो. गळ्याचा पट्टा कमी-जास्त करता येणारा हवा, नाही तर बुटक्या माणसाचा एप्रन पोटापासून सुरू होतो. कंबरेचे बंद मागून फिरवून पुढे गाठ मारता येईल इतके लांब घ्या. मागे गाठ मारायची म्हटलं की ओल्या हातांनी ती सुटत नाही, आणि लोक एप्रन बदलायचा कंटाळा करतात. सर्व्हिसला कंबरेखालचा आखूड एप्रन पुरतो. त्याला पेन आणि वही मावेल असा खिसा हवा. स्वयंपाकघरातल्या एप्रनला मात्र छातीवर खिसा नको, वाकलं की त्यातली वस्तू भांड्यात पडते.

आकडा आणि पैसे जुळवणं

एक दिवसाआड धुणं आणि तीन जोड हे धरून आपल्या उदाहरणाची पूर्ण यादी करू. स्वयंपाकघरातल्या सहाही जणांना तीन कोट म्हणजे अठरा, शिवाय मधल्या मापांचे तीन राखीव, एकूण एकवीस. सर्व्हिसच्या पाच जणांचे पंधरा शर्ट आणि दोन राखीव, एकूण सतरा. स्वयंपाकघराचे एप्रन माणसागणिक मोजायचे नाहीत, कामावर असणाऱ्यांगणिक मोजायचे: पाच माणसं, दिवसाला दोन, तीन दिवस, म्हणजे तीस. वर सहा राखीव. सर्व्हिसला रोज साधारण चार माणसं, एकेक आखूड एप्रन, तीन दिवसांचे बारा आणि तीन राखीव.

किमती जागेगणिक वेगळ्या, म्हणून एका एप्रनची किंमत एक भाग धरू. टी-शर्ट आणि आखूड एप्रनही एकेक भाग, शर्ट दोन भाग, कोट तीन भाग. तुमचे खरे दर हातात आले की तेच घालून पाहा. वरच्या यादीचे कोट ६३ भाग, शर्ट ३४, एप्रन ३६ आणि आखूड एप्रन १५ असे १४८ भाग होतात. हातात मात्र १२० भागांइतकेच पैसे आहेत.

कमी करताना प्रत्येक गोष्टीतून थोडं थोडं छाटू नका. तसं केलं तर सगळीकडेच तुटवडा येतो आणि धुण्याचा फेरा मोडतो. चुलीपुढचे तीन जण निवडा. त्यांना तीन-तीन कोट, वर दोन राखीव: अकरा कोट, ३३ भाग. हे राखीव कोट मदतनीसांना बसतील अशा मापाचे घ्या, म्हणजे त्यांना तळणीपुढे उभं राहावं लागलं तर तेच कामी येतील. तीन मदतनीसांना तीन-तीन टी-शर्ट आणि एक राखीव, १० भाग. शर्ट राखीव न ठेवता पंधराच, ३० भाग. स्वयंपाकघराचे एप्रन तीस, राखीव सहा पुढच्या खेपेला. आखूड एप्रन पंधराच्या पंधरा. एकूण ११८ भाग झाले आणि धुण्याचा फेरा कुठेही तुटला नाही. उरलेल्या दोन भागांत पाणी न झिरपणारे दोन एप्रन बसतात का ते पाहा. कपड्यांवर खुणा करायचा पक्का पेन घ्यायलाही विसरू नका.

कच्च्या मांसासाठीचे वेगळ्या रंगाचे एप्रन या तिसांतच धरा, वर जादा घेऊ नका.

पैसे वाचवायची आणखी एक जागा म्हणजे छपाई. कोटावर नाव किंवा चिन्ह भरतकामाने काढून घेतलं की तो कोट परत करता येत नाही, आणि माणूस सोडून गेला तर दुसऱ्याला देता येत नाही. चिन्ह फक्त एप्रनवर घ्या. नावासाठी काढता-लावता येणारी पट्टी वापरा. आणि विक्रेत्याकडे कायम मिळणारा साधा काळा, पांढरा किंवा गडद प्रकार निवडा. खास रंग रंगवून घेतला तर सहा महिन्यांनी मागवलेले पाच नग पहिल्या खेपेशी जुळत नाहीत. मालाचा क्रमांक बिलावर लिहून घ्या, पुढच्या ऑर्डरला नेमका तोच मागा.

गणवेशाचे पैसे पगारातून कापावेत का, हा प्रश्न निघतोच. त्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून कापण्याआधी आपल्याकडचा कामगार नियम तपासा.

कपडे फिरवणं

कपडे आले त्याच दिवशी, वाटायच्या आधी, प्रत्येकावर कॉलरच्या आत खूण करा. कोटावर माणसाचा क्रमांक, माप आणि महिना-वर्ष. एप्रनवर फक्त महिना-वर्ष, कारण एप्रन कोणा एकाचे नसतात. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते: कुठली खेप किती टिकली हे आठवणीवर अवलंबून राहत नाही.

देण्याघेण्याचा एकच नियम ठेवा, मळका आणला की स्वच्छ मिळेल. एका नगाला एक नग. पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्याचे सगळे जोड देऊन टाकले तर ते घरी जातात, घरच्या कपड्यांत धुतले जातात आणि हळूहळू कमी होतात. शिवाय रस्त्यावरून घालून आलेला कोट स्वयंपाकघरात नको. कपडे जागेवरच बदलायचे आणि जागेवरच टाकायचे. त्यासाठी मळक्या कपड्यांच्या दोन झाकणाच्या टोपल्या ठेवा, एक एप्रनची आणि एक बाकीची.

स्वच्छ कपडे रचताना नव्याने धुऊन आलेले गठ्ठ्याच्या खाली घाला आणि घ्यायचे वरून. हे लहानसं काम कोणी केलं नाही तर वरचेच एप्रन पुन्हा पुन्हा फिरत राहतात, खालचे नवेकोरे राहतात आणि वरचे लवकर संपतात. गठ्ठ्यातले एप्रन एकसारखे विरले आहेत का हे महिन्यातून एकदा पाहिलं तरी फेरा बरोबर चालला आहे की नाही ते कळतं.

एप्रन कमी होत असतील तर चोरीचा संशय घेण्याआधी मसोती मोजा. गरम भांडं उचलायला, ओटा पुसायला, जमिनीवर सांडलेलं टिपायला फडकं हाताशी नसलं की माणूस एप्रनच वापरतो. तो करपतो, काळा पडतो आणि कोणी तरी तो लाजेने कचऱ्यात टाकतं. प्रत्येक जागेवर पुरेशी मसोती ठेवली की एप्रनची गळती आपोआप घटते. हा खर्च गणवेशाच्या हिशोबातच धरावा असं माझं मत आहे.

धुताना आयुष्य वाढतं किंवा संपतं

अंडं, दूध, रक्त यांचे डाग आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यात घातले की त्यांतली प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरतात. तेलाच्या डागाचं उलटं, तिथे पाणी लागण्याआधी भांड्यांचा साबण कोरड्या कापडावर चोळायचा आणि मग लेबल परवानगी देईल तितक्या गरम पाण्यात धुवायचं. क्लोरीनचं ब्लीच दर खेपेला वापरू नका. ते सुती धागा कमकुवत करतं आणि काळ्या कपड्याला तांबूस करतं. कपडे मऊ करणारं द्रव एप्रनला आणि मसोत्यांना अजिबात नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं.

वाळवण्याचं गरम यंत्र वापरत असाल तर एक धोका लक्षात ठेवा. धुऊनही तेल राहिलेले एप्रन आणि मसोती यंत्रातून गरमागरम काढून गठ्ठ्यात दाबून ठेवली, तर उरलेल्या खाद्यतेलाची हवेशी क्रिया होऊन आतली उष्णता वाढत जाते. गठ्ठा आपोआप पेटू शकतो, तोही काम आटोपून सगळे घरी गेल्यावर. यंत्राचा शेवटचा थंड हवेचा टप्पा पूर्ण होऊ द्या, कपडे पसरून गार करा, मगच घड्या घाला. वाळलेल्या एप्रनला तेलाचा वास येत असेल तर तो धुतला गेलेला नाही, पुन्हा धुवा.

कधी बाद करायचं आणि पुढची खेप

कोट उजेडासमोर धरा. खांद्यावर किंवा कोपरावर कापड जाळीसारखं दिसलं तर तो चुलीपुढे नको. दुहेरी पल्ल्याचा एक थर विरला असेल तरी तेच. कॉलर आणि मनगटाची कड उसवली तर एकदा शिवून घ्या. एप्रन बहुधा कापडाआधी बंदाशी फाटतो. नवे एप्रन आल्याबरोबर बंदाच्या जोडावर चौकोनी जादा शिवण मारून घेतली तर अगदी थोड्या खर्चात त्यांचं आयुष्य वाढतं. बाद कोट साप्ताहिक साफसफाईला वापरा, पण त्यावर मोठी खूण करा, नाही तर तो पुन्हा स्वच्छ गठ्ठ्यात शिरतो. बाद सुती एप्रन फाडून मसोती करा.

तीन जोडांच्या फेऱ्यात प्रत्येक कोट आठवड्यात दोनदा धुतला जातो, म्हणजे वर्षात सुमारे शंभर वेळा. एप्रनचं याहून थोडं जास्त. सगळे एकाच दिवशी घेतले आणि नीट फिरवले तर ते साधारण एकाच सुमाराला विरतील आणि पूर्ण खर्च पुन्हा एकदम अंगावर येईल. म्हणून पहिला गठ्ठा विरायची वाट पाहू नका. तिसऱ्या महिन्यात आधी मागे ठेवलेले सहा राखीव एप्रन आणि दोन शर्ट घ्या. एप्रन वर्षभर टिकतात असं दिसलं तर पुढे दर तिमाहीला सात-आठ नवे आणा आणि तितकेच सर्वांत जुने काढा. कोटांचं तसंच, पण दर तिमाहीला दोन-तीनच. तेव्हा कोणत्या मापाचे घ्यायचे हे आत्ता कामावर असलेल्या माणसांवरून ठरवा. माणूस सोडून गेला की त्याचे कोट राखीव साठ्यात येतात, आणि नव्या माणसासाठी ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन आधी त्या साठ्यातला कोट त्याच्या अंगावर घालून पाहायचा.

दर महिन्याच्या पहिल्या धुण्याच्या रात्री, सगळं मळकं मशीनशी आणि सगळं स्वच्छ कपाटात असताना, मोजणी करा: कोट, शर्ट, एप्रन, आखूड एप्रन, मसोती. वहीत एक ओळ पुरते. दोन महिन्यांच्या ओळी शेजारी ठेवल्या की कुठली गोष्ट नेहमीपेक्षा जास्त कमी होते आहे ते दिसतं, आणि पुढच्या तिमाहीची यादी त्याच ओळींवरून निघते.